पावलांचे किलोमीटर आणि बेंगळुरूचा रस्ता: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमची शीट आमच्या ऑफिसात वापरतेय. पुणे ते बेंगळुरू, तीस दिवस, सहा-सहा जणांच्या टीम. आज अठरावा दिवस. काल मी ८,१०० पावलं चालले. माझं घड्याळ म्हणतं ५.२ किलोमीटर, तुमची शीट म्हणते ६.२. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, मी काय ढांगा टाकते का? टीम म्हणे दावणगिरीला पोचली! शिवाय नकाशावरचं टिंब अर्ध्या वाटेत थेट गदगच्या पलीकडे शेतात उभं होतं. असल्या आकड्यांवर बक्षीस द्यायचं म्हणजे फसवणूक आहे. सरळ घड्याळाचे किलोमीटर का घेत नाही?"

नमस्कार. पहिल्या लेखात मी ऑफिसातल्या पावलांच्या स्पर्धेसाठी एक शीट दिली होती: टीमची पावलं भरली की ती त्यांचे किलोमीटर करते आणि नकाशावरचं टिंब तेवढं पुढे सरकवते. ही प्रतिक्रिया त्या शीटवरची आहे. टिंबाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि चूक माझी आहे. किलोमीटरबद्दल निम्मं बरोबर आहे. घड्याळावर मात्र तुम्ही जरा जास्तच विश्वास टाकलाय, तेव्हा सुरुवात तिथून करतो.

तुम्ही घड्याळात 'चालणे' सुरू करून बाहेर फिरायला गेलात, तर ते जीपीएसवरून अंतर मोजतं. पण दिवसभरातली बहुतेक पावलं अशी मोजली जात नाहीत. जागेवरून पँट्रीपर्यंत, जिन्यावरून, पार्किंगमधून चाललेली पावलं घड्याळ फक्त मोजतं आणि त्यांना एका पावलाच्या अंदाजी लांबीने गुणतं. ती लांबी सहसा तुम्ही सेटिंगमध्ये भरलेल्या उंचीवरून काढलेली असते, उंचीच्या साधारण ४१ टक्के. तुमचे ५.२ भागिले ८,१०० केले तर पाऊल ६४ सेंटीमीटरचं निघतं, आणि १५५ सेंटीमीटर उंचीच्या ४१ टक्केही तेवढेच होतात. म्हणजे तुमचं घड्याळसुद्धा गुणाकारच करतंय, फक्त आकडा तुमच्या मापाचा आहे. ज्या सहकाऱ्याने उंची भरलीच नाही किंवा चुकीची भरली, त्याच्या मनगटावर तोच गुणाकार दुसऱ्याच मापाने होतो. घड्याळाचे किलोमीटर घेतले असते तर सहा जणांनी सहा वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेलं अंतर आपण एकत्र केलं असतं.

प्रत्येकाची उंची घेऊन शीटमध्येच हिशेब करण्याचा विचार मी केला होता आणि सोडून दिला. दहा हजार पावलांचे तुमचे ६.४ किलोमीटर होतील आणि १८० सेंटीमीटरच्या माणसाचे साधारण साडेसात. पावलं तेवढीच, घामही तेवढाच, पण उंच माणसांची टीम एक किलोमीटर पुढे. ते मला पटलं नाही. म्हणून सगळ्यांना एकच माप लावलं. मापाचा आकडा चुकला तरी सगळ्या टीम सारख्याच पटीत पुढे किंवा मागे सरकतात, क्रम बदलत नाही. त्यामुळे 'फसवणूक' हा शब्द मला मान्य नाही.

चुकला तो आकडा. शीटमध्ये मी १,३०० पावलं म्हणजे एक किलोमीटर धरलं होतं, म्हणजे पाऊल जवळपास ७७ सेंटीमीटरचं. हे इंटरनेटवरून उचललं होतं. तुमच्यासारखीच कुरकुर आमच्या ऑफिसातही झाली, तेव्हा एका शनिवारी आम्ही अकरा जण ४०० मीटरच्या ट्रॅकवर गेलो, सगळ्यात आतल्या लेनमधून नेहमीच्या चालीने दोन फेऱ्या मारल्या आणि तोंडाने पावलं मोजली. (मध्ये कुणी गप्पा मारायला आलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून.) सरासरी पाऊल निघालं ६८ सेंटीमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे १,४७० पावलं. माझी शीट सगळ्यांना तेरा टक्के जास्त चालवत होती.

तुमच्या टीमवर हे लावून बघू. शीटमध्ये अठरा दिवसांत दावणगिरी, म्हणजे साधारण ५८० किलोमीटर. त्याला १,३०० ने गुणलं की पावलं येतात साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी रोजची सातेक हजार, जी अगदी खरी वाटतात. तीच पावलं १,४७० ने भागली तर ५१३ किलोमीटर. तेव्हा तुम्ही खरं तर हावेरीला आहात. दावणगिरी अजून दोन-अडीच दिवस लांब आहे.

आता टिंब. पहिल्या लेखात मी लिहिलं होतं की सुरुवात आणि शेवट भरा, बाकी शीट बघून घेईल. हे लिहायला नको होतं. पुणे ते बेंगळुरू रस्त्याने साधारण ८४० किलोमीटर आहे, सरळ रेषेत ७३५ च्या आसपास. मधली गावं भरली नाहीत की शीट ८४० पैकी किती टक्के झालं ते काढते आणि तेवढे टक्के सरळ रेषेवर टिंब सरकवते. आपला हमरस्ता आधी कोल्हापूर, बेळगाव, धारवाड असा दक्षिणेकडे उतरतो आणि पूर्वेकडे मग वळतो. सरळ रेषा मात्र पहिल्यापासूनच तिरकी जाते. म्हणून ४२० किलोमीटरला, म्हणजे धारवाडच्या जवळपास असताना, तुमचं टिंब ऐंशीएक किलोमीटर पूर्वेला, गदगच्या उत्तरेला जाऊन बसलं. टिंब अर्ध्या वाटेत सगळ्यात लांब भरकटतं आणि दोन्ही टोकांना बरोबर दिसतं, म्हणून चाचणी घेताना माझ्या लक्षात आलं नाही. मी पहिल्या दोन दिवसांचंच बघितलं होतं.

उपाय सोपा आहे. A स्तंभात गावं, B स्तंभात पुण्यापासूनचं रस्त्याचं अंतर: पुणे ०, सातारा ११०, कोल्हापूर २३५, बेळगाव ३४०, हुबळी ४३५, हावेरी ५१०, दावणगिरी ५८०, बेंगळुरू ८४०. सगळे आकडे ढोबळ आहेत, पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे चालतील. अट एकच, B स्तंभ चढत्या क्रमाने हवा. टीमचे एकूण किलोमीटर F2 मध्ये असतील, तर मागे पडलेलं शेवटचं गाव असं मिळेल:

```
=INDEX(A2:A9, MATCH(F2, B2:B9, 1))
```

टिंब या गावाच्या आणि पुढच्या गावाच्या मधल्या तुकड्यावरच सरकवायचं. तुकडे जेवढे लहान, तेवढं ते रस्त्याला धरून राहतं. दावणगिरी ते बेंगळुरू हा तुकडा फार मोठा आहे, त्यात चित्रदुर्ग आणि तुमकूरु नक्की घाला, आणि घातल्यावर सूत्रातला 9 वाढवायला विसरू नका.

राहिला प्रश्न आता अठराव्या दिवशी काय करायचं याचा. मापाच्या खान्यात १३०० च्या जागी १४७० टाकलं की सगळं आपोआप सुधारेल, कारण शीटमध्ये रोजची पावलंच साठवलेली आहेत, किलोमीटर नाहीत. (एवढी एक गोष्ट मी शहाणपणाने केली होती.) पण सगळ्या टीम एका रात्रीत सत्तर किलोमीटरपर्यंत मागे जातील आणि सोमवारी तुमच्या एचआरच्या टेबलाभोवती गर्दी होईल. आमच्याकडे झाली होती. त्यापेक्षा मी माप तसंच ठेवेन आणि मुक्काम पुढे नेईन. खोट्या मापाने खरे ८४० किलोमीटर म्हणजे सुमारे ९५०. बेंगळुरूच्या पुढे त्याच रस्त्यावर होसूर आणि मग कृष्णगिरी लागतं, बेंगळुरूहून साधारण ९० किलोमीटरवर. शेवटचं गाव कृष्णगिरी, ९३०, असं भरा. तुमच्या चालीने तुम्ही तिथे एकोणतिसाव्या दिवशी पोचाल. बेंगळुरूच ठेवलं, तर सव्वीस-सत्ताविसाव्या दिवशीच सगळं आटोपेल आणि शेवटचे तीन दिवस कुणी पावलं भरणार नाही.