पाहुण्यांना "विषय तुम्हीच ठरवा सर" असं कृपा करून सांगू नका

जानेवारी आला की कॉलेजांमधून, वाचनालयांमधून, सोसायट्यांमधून पाहुण्यांची शोधाशोध सुरू होते. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात (सातारा जिल्हा) वाङ्मय मंडळाचं काम बघतो, आणि इतर ठिकाणची निमंत्रणाची पत्रंही बघायला मिळतात कारण ओळखीचे वक्ते कधीकधी ती फॉरवर्ड करून विचारतात की यांना नक्की काय हवंय, तुम्हाला काही कळतंय का? पत्रात असतं काय, तर "आमच्या महाविद्यालयात कार्यक्रम आयोजित केला आहे, आपण प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहून मार्गदर्शन करावे". तारीख असते, वेळ अर्धवट असते, समोर कोण बसणार ते नसतं आणि विषयाच्या जागी "मराठी भाषा" किंवा "आजचा युवक". फोन केला की उत्तर मिळतं, विषय तुम्हीच ठरवा सर, तुम्ही जे बोलाल ते आम्हाला चालेल.

माझं मत स्पष्ट आहे, हा मान नाही, हे आपलं काम त्यांच्या गळ्यात टाकणं आहे. समोरची मुलं कोण, त्यांना काय येतं, कशात रस आहे हे आपल्याला माहिती असतं, त्यांना नसतं. मग ते बिचारे सगळीकडे चालेल असं भाषण काढतात, मातृभाषेचं महत्त्व वगैरे, आणि मुलं पाठीमागच्या रांगेत मोबाईल काढतात. यात दोष ना वक्त्याचा ना मुलांचा.

आधी तारखेचं बघा. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांना पाहुणा हवा असतो, त्यामुळे चांगला बोलणारा माणूस कितीतरी आधीच बुक होतो आणि जो येतो तो त्या दिवशीचे एकापाठोपाठ कार्यक्रम करत येतो, घड्याळ बघत. आपल्याकडे 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, त्यातला मधला एखादा वार घ्या. परीक्षा, स्नेहसंमेलन, एनएसएसचं शिबिर बघूनच घ्या नाहीतर हॉल रिकामा. आणि फोनवर एकच तारीख टाकू नका, दोन सांगा, म्हणजे नाही म्हणायच्या आधी समोरच्याला डायरी बघावीशी वाटते.

या वर्षी आम्ही मोडी लिपीवर व्याख्यान ठेवलं. सुरुवातीला मंडळातल्या पोरांनी विषय लिहिला होता "मोडी लिपी : इतिहास आणि महत्त्व". मी म्हटलं यावर तास दोन तास बोलता येतं आणि घरी जाताना हातात काहीच राहत नाही. मग पोरांनाच विचारलं तुम्हाला मोडीचं काय करायचंय? एक मुलगी म्हणाली आजोबांच्या पेटीत कागद आहेत, ते मोडी आहेत का तेच कळत नाही. बघा, हा विषय! मोडी राज्यात अगदी 1950 च्या आसपासपर्यंत कारभारात होती, त्यामुळे आमच्याकडच्या घराघरात खतं, कर्जरोखे, फेरफाराचे कागद पडलेत, आणि 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर मोडी वाचणाऱ्यांच्या मागे लोक लागलेत. विषय झाला "घरातला मोडी कागद कसा ओळखावा". पंचेचाळीस मिनिटात मावतो, आणि वक्त्यालाही लगेच कळतं की काय दाखवायचं : आधी आडवी रेघ ओढून त्याखाली हात फार न उचलता लिहिलेली अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, तारीख शके किंवा फसली सनात, आणि फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. एवढं जरी कळलं तरी पोरगं घरी जाऊन पेटी उघडतं.

आम्ही जे पत्र पाठवलं त्यातला मजकूर देतो, कोणाला उपयोग झाला तर घ्या.

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यानिमित्त बुधवार, दि. 21 जानेवारी 2026 रोजी सकाळी 11 वाजता कॉलेजच्या सभागृहात आपलं व्याख्यान ठेवत आहोत. विषय : घरातला मोडी कागद कसा ओळखावा. समोर साधारण 120 विद्यार्थी असतील, बहुतेक बी.ए. आणि बी.कॉम.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे. मोडी कोणालाही येत नाही, पण बऱ्याच जणांच्या घरी जुने कागद आहेत. आपलं भाषण 11.15 ते 12.00, त्यानंतर 20 मिनिटं प्रश्न. व्यासपीठावर प्राचार्य आणि आपण एवढेच असू. प्रोजेक्टर आणि कॉलर माईक आहे. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी देऊ. जमेल की नाही ते 5 जानेवारीपर्यंत कळवावं, म्हणजे पत्रिका छापता येईल."

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक म्हणजे 11 वाजता कार्यक्रम आणि 11.15 ला भाषण. आपल्याकडे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार यात पाऊण तास सहज जातो आणि मुख्य वक्त्याला चिठ्ठी येते "आटोपतं घ्या". पत्रात वेळ लिहून दिली की आपल्यालाच ती पाळावी लागते, सत्कार एका पुस्तकावर भागवावा लागतो. दुसरी, व्यासपीठावर कोण ते. प्रमुख पाहुणे वेगळे आणि वक्ता वेगळा हे आधी स्वतःशी ठरवा. बक्षिसं द्यायला, दोन शब्द बोलायला कोणी पदाधिकारी हवे असतील तर त्यांना प्रमुख पाहुणे म्हणा आणि पत्रातच पाच मिनिटं लिहा. अभ्यासकाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं आणि तिथे आल्यावर त्यांना कळावं की आपल्या आधी चार मनोगतं आहेत, हे एका ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलंय, शेवटी त्यांना दहा मिनिटं मिळाली, तीही जेवणाच्या वासात.

श्रोत्यांबद्दल खरं लिहा. शंभर येणार असतील तर पाचशे लिहू नका. बाकी मुलं हजेरीसाठी बसणार असतील तर तेही फोनवर सांगा, चांगला वक्ता त्याप्रमाणे सुरुवात बदलतो. सोसायटीच्या कार्यक्रमात तर हे फारच लागतं, तिथे समोर लहान मुलंही असतात आणि आजी-आजोबाही, मग चाळीस नाही, वीस मिनिटांचंच भाषण मागा.

होकार आल्यावर आम्ही मुलांकडून घरच्या कागदांचे फोटो मागवले आणि त्यातले बरे निवडून आठवडाभर आधी सरांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला की यातला एक मोडी नाहीच, घाईत लिहिलेली नागरी आहे, तो मी मुद्दाम आधी दाखवतो. भाषणाची सुरुवात त्यांनी त्याच कागदाने केली आणि हॉलमधून दोन्ही बाजूंनी उत्तरं यायला लागली, मोडी आहे, नाही, आहे.

प्रश्नांची 20 मिनिटं पुरली नाहीत. प्राचार्यांचं अध्यक्षीय भाषण आम्ही आधीच तीन मिनिटांवर आणलं होतं, त्यांनी तेही सोडून दिलं आणि माईक मुलांकडे दिला. मानधनाचं पाकीट आभाराच्या आधीच सरांच्या हातात होतं.