भूकंप आणि दंगल: ‘हो’ म्हणू नका, लिहून द्या

साताऱ्यात क्रॉकरीचे आणि भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या माणसाने दुकानाची पॅकेज पॉलिसी घेण्याआधी विमा कंपनीला एकच प्रश्न विचारला, तर त्याला सरळ उत्तर मिळू नये, याला काय म्हणावे? प्रश्न अवघा दोन ओळींचा होता. भूकंपाने आणि दंगलीने होणाऱ्या नुकसानीचे संरक्षण या पॅकेजमध्ये मुळातच आहे की त्यासाठी जादा हप्ता भरून ते वेगळे घ्यावे लागते? यावर एजंट म्हणाला, “काका, पॅकेज म्हटल्यावर सगळं आलंच की!” शाखेतल्या अधिकाऱ्यांनी संगणकाकडे पाहत “सिस्टीममध्ये डिफॉल्ट येतं” असे सांगितले. ग्राहक सेवेच्या क्रमांकावरून उत्तर आले, “आग आणि तत्सम धोके समाविष्ट आहेत, सर.” हे तत्सम कोणते, एवढे मात्र कोणीही सांगेना.

आमच्याकडे हा प्रश्न कोणी हौसेने विचारत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना आजही आठवतो, आणि पाटणच्या बाजूला जमीन अधूनमधून हलते, तेव्हा माझ्या दुकानातल्या काचेच्या कपबशा फळीवर किणकिणतात. दंगलीचे म्हणाल, तर 2009 साली मिरजेत आणि 2023 साली खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. वीज पडणे आणि विमान कोसळणे पॉलिसीत आहे, असे मला उत्साहाने सांगण्यात आले. साताऱ्याच्या पेठेत विमान कोसळण्याची धास्ती मी अजून तरी घेतलेली नाही.

अखेर छापील कोटेशन हाती आले. पहिल्या पानावर हप्ता ठळक अक्षरांत होता, आणि मागच्या पानावर, भिंग लावून वाचावे अशा टाइपात, ‘भूकंप (आग व धक्का) : नाही’ अशी ओळ होती. सगळे आलेच म्हणणाऱ्या एजंटाला ती ओळ दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, “ते अ‍ॅड-ऑन आहे, टाकून देतो.” म्हणजे मी पान उलटले नसते, तर भूकंपाचे संरक्षण नसलेली पॉलिसी त्याने कोयनेच्या जिल्ह्यात बिनदिक्कत माझ्या गळ्यात मारली असती आणि ‘पॅकेज’ म्हणून मी ती वर्षभर तिजोरीत जपून ठेवली असती.

मुळात गोंधळ कुठे आहे, हे शेवटी माझे मलाच शोधावे लागले. दुकानाची पॅकेज पॉलिसी म्हणजे अनेक विभागांची मोट असते. आगीचा विभाग, घरफोडीचा विभाग, रोख रकमेचा विभाग, काचेचा विभाग, असे ते वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाच्या अटी व अपवाद स्वतंत्र असतात. आगीच्या विभागाचा मजकूर जुन्या धर्तीचा असेल, तर दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस त्यात सहसा धरलेली असते, पण हप्ता कमी करण्यासाठी ती वगळताही येते. भूकंप मात्र त्यात अपवाद म्हणून बाहेर ठेवलेला असतो, इतका की भूकंपामुळे आग लागली तरी ती आग या विभागात बसत नाही. तो धोका जादा हप्ता देऊन जोडून घ्यावा लागतो.

याउलट, 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित उत्पादन आणले. एका ठिकाणची एकूण मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ते आहे, आणि भूकंप, पूर, दंगल, संप व नासधूस हे सगळे त्यात मुळातच समाविष्ट आहे. तेव्हा ‘आमच्या पॅकेजच्या आगीच्या विभागाचा मजकूर यांपैकी कोणता?’ एवढे सांगितले असते, तर माझ्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळाले असते. पण जो माणूस पॉलिसी विकतो त्यालाच ते ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते तो फोनवर कधी सापडत नाही.

उरलेला निम्मा प्रश्न दंगलीचा आहे, आणि खरा संताप तिथे येतो. उद्या जमावाने शटर उचकटले, आत शिरून दोन लाखांची क्रॉकरी फोडली, दीड लाखाचे कुकर आणि मिक्सर उचलून नेले आणि गल्ल्यातले 40,000 रुपयेही पळवले, असे समजा. फोडलेला माल आगीच्या विभागातल्या दंगलीच्या कलमात बसेल, त्याबद्दल फारसा वाद होणार नाही. पळवलेल्या मालासाठी आगीचा विभाग म्हणणार की ही चोरी आहे, घरफोडीच्या विभागाकडे जा, आणि घरफोडीच्या विभागात पाहावे तर दंगलीच्या काळातली चोरी अपवादांत टाकलेली आढळते, जोवर ती वेगळ्या एंडोर्समेंटने जोडून घेतलेली नाही. गल्ल्यातल्या रकमेचेही तेच, रोख रकमेच्या विभागाचे अपवाद स्वतंत्रपणे पाहावे लागतात. म्हणजे जमाव एकच, रात्र एकच, शटरही एकच, पण 3 लाख 90 हजारांपैकी 1 लाख 90 हजारांना वाली नाही, आणि तरीही ‘दंगल कव्हर आहे’ हे एजंटाचे विधान शब्दशः खरेच ठरते!

प्रमाणित उत्पादनाच्या मजकुरात, समाविष्ट धोक्यामुळे घडलेली आणि घटनेपासून 7 दिवसांच्या आत झालेली चोरी धरलेली आहे. पळवलेल्या कुकर-मिक्सरच्या दृष्टीने दोन पॅकेजमधला हा फरक दीड लाखाचा आहे, आणि विकणारा मात्र दोन्ही पॅकेजना ‘सेमच आहे’ म्हणून मोकळा होतो. शिवाय संचारबंदीत दुकान बंद राहून बुडालेला धंदा यांपैकी कोणीच भरून देत नाही, हेही कोणी आपणहून सांगितले नाही. ते सांगितले असते, तर मी पॉलिसी घ्यायची टाळली नसती, निदान कशावर विसंबायचे ते मला कळले असते.

तोंडी ‘हो’चा राग एवढ्यासाठी येतो की क्लेमच्या वेळी सर्व्हेअर एजंटाचे बोलणे ऐकत नाही, तो पॉलिसीचा कागद वाचतो. त्या दिवशी एजंट म्हणतो, “काका, मी आपला फॉर्म भरून दिला होता,” आणि फॉर्मवर सही माझी असते. त्यातही कहर असा की मी ई-मेलवर लेखी उत्तर मागितले, तेव्हा ‘कृपया पॉलिसीच्या अटी व शर्ती पाहाव्यात’ एवढेच उत्तर आले. कोणत्या पॉलिसीच्या, ते त्यात नव्हते. कोटेशनवर उत्पादनाचे पूर्ण नाव नाही आणि त्यांच्या संकेतस्थळावर दुकानांसाठीची मिळतीजुळती नावे असलेली अनेक कागदपत्रे आहेत.

आता मी चेक रोखून धरला आहे आणि तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. आगीच्या विभागाचा मजकूर कोणत्या उत्पादनाचा आहे, भूकंप त्यात मुळात आहे की जादा हप्त्याने, आणि दंगलीत पळवलेला माल व रोख रक्कम कोणत्या विभागातून, कोणत्या कलमाने मिळेल. सोबत कोटेशनमध्ये ‘भूकंप : होय’ अशी दुरुस्तीही मागितली आहे. त्यावर आज सकाळी एजंटाचा फोन आला. उत्तर नव्हते, आठवण होती. महिनाअखेरीला त्याचे टार्गेट संपते म्हणे.