पाच वर्षं, दोन शब्द आणि पन्नास मिनिटं

तुमच्या दुकानाला पाच वर्षं होतायत का? वा, अभिनंदन! म्हणजे आता भाषण आलंच. घाबरू नका, 2025 च्या दसऱ्याला आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा सुपर शॉपीचा पाचवा वर्धापनदिन मी स्वतः उभं राहून (उभं राहून हे लक्षात ठेवा, पुढे येणारे) अनुभवलाय, त्यामुळे या विषयात आता माझा बराच अभ्यास झालाय. तो फुकट वाटतेय.

पहिलं म्हणजे निमंत्रण. व्हॉट्सॲपवर टाकायचं की संध्याकाळी 6 ते 7, छोटेखानी कार्यक्रम, शेठ दोन शब्द बोलतील, नंतर अल्पोपहार. यातला अल्प हा शब्द फक्त उपहारालाच लागू असतो हे लोकांना तिथे आल्यावर कळू द्या.

सहाची वेळ दिली की साडेसातला सुरू करा. कारण पाहुणे. आता पुण्यात 2022 च्या मार्चपासून त्या दसऱ्यापर्यंत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे तुम्हाला वाटेल की चला सुटलो, पण तसं नसतं, एक माजी आणि तीन इच्छुक बोलवायचे. माजी आल्याशिवाय इच्छुक बोलत नाहीत, इच्छुक बोलल्याशिवाय शेठ बोलत नाहीत, आणि शेठ बोलल्याशिवाय वडे बाहेर येत नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी, लोकांना सोनं द्यायला दहा घरी जायचं असताना.

माइक स्पीकरच्या समोर धरा. शिट्टी वाजली की हॅलो हॅलो म्हणत अजून पुढे जा.

आता मुख्य भाषण. माणूस सावकाश बोलला तरी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द, आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला तेवढे पुष्कळ झाले. आमच्या शेठनी खिशातून चार घड्यांचा एकच कागद काढला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. पण तो कागद फक्त हातात धरायला होता. सुरुवात गावच्या शाळेपासून झाली, मग वडिलांचा सल्ला, मग पहिली नोकरी, मग त्या नोकरीतल्या साहेबांचा स्वभाव, विसाव्या मिनिटाला दुकानाचं शटर एकदाचं वर गेलं. पन्नासाव्या मिनिटाला संपलं. मी घड्याळ बघितलं कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

निष्ठावंत ग्राहकांचा सत्कार ठेवाच. नाव चुकवा. मला सौ. देऊन शेजारच्या बिल्डिंगमधल्या आडनावाने बोलावलं, मी गेले, नारळ घेतला, नाही कुठे म्हणायचं. आणि माइकवर हेही सांगा की यांची उधारीची वही असायची पण बाई एकदाही बुडवलं नाही हो! एवढ्या लोकांत. ग्राहकांसाठी काय केलं म्हणाल तर पॉइंटचं कार्ड आहेच. शंभर रुपयांना एक पॉइंट, एक पॉइंट म्हणजे पंचवीस पैसे. माझं महिन्याचं सहा हजारांचं सामान धरलं तर पाच वर्षांत तीन लाख साठ हजार झाले, त्याचे पॉइंट 3,600, म्हणजे रुपये 900. ते पण मिळाले नाहीत, कारण पॉइंट दर 31 मार्चला संपतात हे कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं, मुंगीच्या अक्षरात. निष्ठा संपत नाही, पॉइंट संपतात.

असो.

आता सगळ्यात महत्त्वाची टिप, स्टाफचे आभार. हे शेवटी घ्यायचे, "आणि हो, आपली पोरं" असं म्हणून. नावं अजिबात घ्यायची नाहीत, एकाचं घेतलं की दुसरा नाराज होतो म्हणे. टाळ्या वाजवायला सांगायचं, पण पोरांच्या हातात पेढ्यांचे ट्रे असल्यामुळे त्यांना आपल्यासाठी टाळ्या वाजणार म्हणजे नक्की काय करायचं ते कळत नाही, ते तसेच उभे राहतात. बसायला खुर्ची नाहीच. खुर्च्या इच्छुकांना पुरल्या नाहीत. बाय द वे, दुकानातल्या माणसाला कामाच्या वेळात बसायला मिळालं पाहिजे असा कायदा केरळने 2018 ला केला आणि तमिळनाडूने 2021 ला. का करावा लागला असेल? विचार करा, रिकामा वेळ भरपूर असतो, भाषण चालू असताना.

आणि मग ते वाक्य. "दुसरी लाट आली, दुकानं सकाळी 7 ते 11, लोक घाबरलेले, पण मी घरोघर सामान पोचवलं."

मी?

2021 चा एप्रिल मला चांगला आठवतो. आमच्याकडे हे पॉझिटिव्ह, मी आणि सासूबाई घरात कोंडलेल्या. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर दहा किलो आटा, पाच किलो तांदूळ आणि तेलाचा डबा घेऊन यायचा तो वजनकाट्यावरचा मुलगा. तोंडाला रुमाल. पिशवी दारात ठेवायचा, बेल वाजवायचा, आणि पाच पायऱ्या खाली जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, मी पैसे मोजून ठेवेपर्यंत. मोड द्यायला प्लास्टिकचा डबा आणायचा, त्यातून नाणी चमच्याने काढायचा. चमच्याने! एकदा सासूबाईंच्या इसबगोलचं पाकीट यादीत नव्हतं तरी घेऊन आला, म्हणाला आजी दर महिन्याला नेतात ना. शेठ तेव्हा गल्ल्यावर काचेच्या आत होते. बसले असतील, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण "मी पोचवलं" म्हणू नका ना. तो मुलगा हातात ट्रे घेऊन चार फुटांवर उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. नाव मला माहितेय, इथे लिहीत नाही, उगाच त्याची नोकरी जायची.

त्यानंतर आलं "आम्ही सगळे एक कुटुंब आहोत". छान. कुटुंबाला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं, तबकडीवर दुकानाचं नाव आणि शेठचा मोबाईल नंबर. सेल नव्हता.

आता मी थोडी गंभीर होते, कारण मी 26 वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पगारपत्रकं केलीयेत आणि कुटुंब हा शब्द माइकवर आला की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. सल्ला असा की भाषणात "हा पोरगा पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे" असं चुकूनही बोलू नका. आमचे शेठ बोलले. शंभर लोकांसमोर बोलले, निम्म्यांनी रेकॉर्ड केलं. आता गंमत बघा, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानात सलग पाच वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. नोकरी सोडताना मिळते, दरवर्षाचा पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना 26 दिवसांचा धरतात. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000. भागिले 26, गुणिले 15, झाले साधारण 8,077. पाच वर्षांचे 40,385 रुपये. हे बक्षीस नाही, उपकार तर अजिबात नाही, त्याने कमावलेले पैसे आहेत. म्हणजे जो वाढदिवस तुम्ही फुगे लावून साजरा करताय, बरोबर त्याच दिवशी त्याचा हा हक्क पक्का होतो, आणि त्याबद्दल दोन शब्दांतला एक पण शब्द नाही.

मी वडा खाताना त्याला हळूच विचारलं. तर म्हणाला, काकू, मस्टरवर माझं नाव दोनच वर्षं आहे. आधी वहीत होतो. आणि मध्ये एकदा महिनाभर गावी जाऊन ये म्हणाले होते, आल्यावर परत नवीन म्हणून घेतलं. हा महिना का दिला असेल ते मी त्याला सांगितलं. टाइम ऑफिसात आम्ही याला खाडा घालणं म्हणायचो, नोकरीत मुद्दाम खंड पाडायचा म्हणजे पाच वर्षं सलग भरतच नाहीत. आणि मस्टरवर सहा, दुकानात बारा. मी मोजले, पेढ्याचे ट्रे धरून उभे होते म्हणून मोजता आले. पगार रोख. स्लिप नाही. मी त्याला म्हटलं, पगार निदान बँकेत मागून घे, आणि शेठच्या भाषणाचा व्हिडिओ कुणाकडून तरी घेऊन जपून ठेव. तो हसला फक्त, कारण तिकडून आवाज आला, अरे चहा फिरव.

बास. टिपा संपल्या माझ्या.

अहो शेठ, लाज वाटायला पाहिजे होती हो. तुम्ही वाईट माणूस नाही, वजनात कधी मारलं नाहीत, जुना माल गळ्यात मारला नाहीत, म्हणून तर पाच वर्षं येतेय मी. पण आभार मानायला उभे राहिलात आणि पन्नास मिनिटं स्वतःचेच मानलेत. एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला, मी लिहून देते:

"नमस्कार. 2020 च्या दसऱ्याला दुकान उघडलं, आज पाच वर्षं झाली. दुसऱ्या लाटेत सामान याने पोचवलं, तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवर, मी गल्ल्यावर होतो. हिशोबाच्या ताई, एकदा जीएसटीचा घोळ तुम्ही रात्री नऊपर्यंत बसून निस्तरलात, लक्षात आहे माझ्या. पहाटे टेम्पो उतरवणारे तुम्ही दोघं, तुमच्यामुळे सातला शटर उघडतं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांची नावं मस्टरवर, रुजू झाल्याच्या खऱ्या तारखेने, आणि पगार खात्यात. ग्राहकांनो, समोर मोठा मॉल झाला तरी तुम्ही कोथिंबिरीच्या जुडीसाठी का होईना इकडे येत राहिलात, आभारी आहे. पॉइंट यापुढे संपणार नाहीत. वडे गरम आहेत, या."

मोबाईलवर टायमर लावून वाचून बघितलं, पाऊण मिनिट लागलं. नावं घातली तर अजून दहा सेकंद. नावं माहीत नसतील तर मला विचारा, मला बाराही येतात.

आणि काट्यामागे एक स्टूल ठेवा. उद्या सकाळी. मी साखर घ्यायला येणारे, तेव्हा बघेन.