त्या फोटोत राजगिधाड नाही

“मेलेल्या म्हशीवर राजगिधाड! लाल डोकं बघा, बाकी सगळी लांब चोचीची.”

परवा ही ओळ लिहून फोटो मीच टाकला होता. चूक माझी. मूळ फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की तो लाल रंग रक्ताचा आहे, कातडीचा नव्हे. पोटात मान खुपसून खाल्लं की कुठलंही गिधाड लालभडक दिसतं. रक्त ठिपक्याठिपक्यांनी, पिसांवरही लागतं आणि वाळलं की तपकिरी होतं. प्रौढ राजगिधाडाची कातडी सलग लाल असते, मानेच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या पाळ्या असतात, पायही लालसर. यातलं इथे काहीच नाही. उलट मानेच्या बुडाशी पांढऱ्या पिसांची कॉलर आहे, ती राजगिधाडाला नसते.

बाकीचीही लांब चोचीची नाहीत. चोच आखूड, जाड, वरून चंदेरी, अंग काळपट. म्हणजे पांढऱ्या पाठीची गिधाडं. लांब चोचीच्या गिधाडाची चोच सडपातळ, फिकट पिवळसर असते आणि अंगही फिकट. (पिल्लांच्या बाबतीत मात्र चोचीच्या रंगावर जाऊ नका.)

जुना फोटो मी काढून टाकलाय. कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया तिथे हा खुलासा टाका, आणि तो फोटो आणखी फिरवू नका.