फाल्गुनातली पोथी

«गुप्त पोथीचा काळ आणि पंथ ठरवतात कसा?»

हठयोगावरच्या ‘अमृतसिद्धी’ या संस्कृत ग्रंथाचंच घ्या. त्याच्या संस्कृत-तिबेटी पोथीच्या शेवटी शके 1081, फाल्गुन वद्य अष्टमी आहे. 78 मिळवून 1159 काढलं की चूक होते, कारण फाल्गुन इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो; म्हणून 1160. पण ती तारीख नक्कल करणाऱ्याने मूळ पोथीतूनही उतरवलेली असू शकते, हे ध्यानात हवं.

पंथासाठी आतले शब्द पाहावे लागतात. आरंभी छिन्नमस्ता देवीला वंदन आणि ‘छंदोह’सारखा वज्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथातला शब्द. पुढच्या नकलाकारांना असे शब्द कळेनात, मग पाठ बिघडले. अडलेला, अवघड पाठच बहुधा जुना असतो; सोपा करून घेतलेला पाठ नंतरचा. हठयोगाच्या या आद्य ग्रंथाची मुळं त्यामुळेच बौद्ध सिद्धांकडे जातात, नाथांकडे तो पुढे आला.