तुझा मेसेज मला पाठ आहे

माझ्या मामेबहिणीने एप्रिलात पाठवलेला मेसेज मी आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवू शकते. "आईला घेऊन १२ तारखेला येऊ का गो? डॉक्टर म्हणतायत थोडी हवापालट होऊ दे. तुला त्या वेळी जमेल ना? आणि आगळाच्या दोन बाटल्या माझ्या नावाच्या ठेव." या मेसेजला मी एकोणीस दिवस उत्तर दिलं नाही. मामी आमच्याकडे आली नाही, नाशिकला तिच्या बहिणीकडे गेली. हे मला आईकडून कळलं. मी बहिणीला फोन केला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "नको होतं तर सरळ सांगायचंस. आम्ही काय रागावलो असतो?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला होता आणि तो तिच्या बाजूने अगदी बरोबर होता. निळी टिक पडली होती. त्याच दिवसांत मी घरच्या ग्रुपवर कुणाच्या तरी फणसाच्या फोटोला अंगठा दिला होता, भाच्याच्या विनोदावर हसले होते. म्हणजे फोन हातात होता. मग तिच्यासाठीच वेळ नव्हता?

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि ठरवलेलं वेळेवर हातून होत नाही. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी निदान झालं. "हल्ली सगळ्यांनाच असतं ते" असं म्हणणाऱ्यांशी भांडायला ही पोस्ट नाही. त्या एकोणीस दिवसांत नेमकं काय झालं ते सांगायचंय, कारण असेच माझ्याकडून दुखावलेले आणखी काही जण ही पोस्ट वाचणाऱ्यांत आहेत.

मेसेज आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. रातांब्यांचे दिवस, म्हणजे ज्यांची आमसुलं आणि आगळ होतात त्या कोकमाच्या फळांचे. खळ्यात मी आणि शेजारची काकी रातांबे फोडत बसलो होतो. सालं एकीकडे, बिया आणि गर एकीकडे. आदल्या दिवशीची सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची होती. आमसुलांना अशी पुटं द्यावी लागतात आणि ऊन कुणासाठी थांबत नाही. हात मनगटापर्यंत लाल. फोन वाजला, पदराला बोट पुसून उघडला, वाचला आणि मला खरोखर आनंद झाला. मनात म्हटलं, "ये की, विचारतेस काय! माडीवरची खोली झाडून ठेवते." आणि पुढचा रातांबा उचलला.

घात झाला तो इथे. उत्तर मनात देऊन झालं होतं, आणि माझ्या डोक्याने ते काम झाल्याच्या खात्यात टाकलं.

आपण सगळ्याला मिळून "विसरणं" म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडलेलं आठवणं ही एक. ठरवलेलं काम योग्य वेळी, कुणी न सांगता आठवून करणं ही दुसरी. मानसशास्त्रात तिला प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात. माझी पहिली ठणठणीत आहे, म्हणून तर मेसेज पाठ आहे. दुसरी लंगडी आहे. त्यात "संध्याकाळी करू", "थोड्या वेळाने करू" असं वेळेवर टांगलेलं काम सगळ्यात आधी निसटतं, कारण संध्याकाळ काही खांद्यावर हात ठेवून सांगत नाही की मी आले.

आणि हे लोकांना पटत नाही. "लक्षात होतं ना तुझ्या? मग?" लक्षात होतं हो. पण कधी? त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर लख्ख आठवलं. फोन बाहेर ओटीवर खिडकीत चार्जिंगला, कारण आमच्या घरात रेंज येते ती तिथेच. आत सगळी निजलेली. म्हटलं सकाळी पहिलं हेच काम. सकाळी उठले तर ढग आलेले, खळ्यातली आमसुलं आत घ्यायची धावपळ. मग आठवलं विहिरीवर. मग एकदा गुहागरला बाजारात, एसटीत चढताना. प्रत्येक वेळी आठवण आली ती फोन वापरता येणार नाही अशा जागी. फोन हातात असायचा तेव्हा आठवण नसायची. मेसेज एकदा उघडला की यादीत तो इतरांसारखाच दिसतो, आठवण करून देणारी एकमेव खूण आपणच पुसलेली असते. वर नवे मेसेज येतात, तो खाली सरकतो, आणि माझ्यासारखीच्या बाबतीत जे दिसत नाही ते नसतंच.

पाचव्या-सहाव्या दिवशी फोन आणि आठवण एकदाच्या एकत्र आल्या. लिहायला घेतलं. आणि वाटलं, इतक्या उशिरा नुसतं "हो ये" कसं लिहायचं? आधी माफी मागायला हवी. उशीर का झाला ते सांगायला हवं. मामीच्या तब्येतीची चौकशी हवी. तिच्या पथ्याचं इथे काय जमेल तेही लिहायला हवं. दोन शब्दांचं उत्तर एका पानाचं झालं. ते नीट बसून लिहू म्हणून ठेवलं, आणि ते नीट बसणं कधी झालंच नाही. प्रत्येक दिवसागणिक माफी मोठी होत गेली आणि तिच्या नावावर बोट नेताना पोटात गोळा यायला लागला. शेवटचे काही दिवस मी विसरले नव्हते, टाळत होते. हे मी तिच्यापाशी कबूल केलंय, इथेही करते. सुरुवात विसरण्याने होते, पण पुढचा उशीर लाजेचा असतो.

आता त्या फणसाच्या फोटोचं. त्याला अंगठा द्यायला अर्धा सेकंद लागतो आणि काही ठरवावं लागत नाही. बहिणीच्या मेसेजात तीन गोष्टी होत्या: तारीख, सोय आणि बाटल्या. तारीख बघायची तर नवऱ्याला विचारायला हवं, कारण त्याच सुमारास त्याच्या आंब्याच्या शेवटच्या पेट्या जायच्या होत्या. म्हणजे जो मेसेज महत्त्वाचा, ज्याला विचार करून उत्तर द्यावंसं वाटतं, तोच माझ्याकडे सगळ्यात जास्त पडून राहतो. फालतू मेसेजना माझी उत्तरं मिनिटात जातात. बाहेरून बघणाऱ्याला याचा अर्थ नेमका उलटा दिसतो, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही.

मग खरंच नको असणं आणि हे, यांतला फरक ओळखायचा कसा? बहिणीने हेच विचारलं. मी म्हटलं, मला पुन्हा एकदा विचारून बघ. विसरलेल्या माणसाला आठवण केली की तो दचकतो आणि तिथल्या तिथे उत्तर देतो. ज्याला नको असतं तो आठवणीलाही गोलगोल बोलतो. दुसरं, तो फक्त तुझ्याशीच असा वागतो का ते बघ. माझं लाइट बिल राहतं, पोराच्या शाळेचा फॉर्म राहतो, आणि आगळाचं गिऱ्हाईक पैसे द्यायला खाते क्रमांक मागत असतं, त्यालाही मी चार दिवस तो पाठवत नाही. स्वतःच्या पैशांत कुणाला रस नसतो? पण ही परीक्षा काही पक्की नाही. ज्यात नवलाई आहे किंवा गळ्याशी आलेली घाई आहे, ते एडीएचडीवाल्याकडून पटकन होतं, त्यामुळे वागणं निवडक दिसू शकतं.

आणि विसरतो तो प्रत्येक जण एडीएचडीवाला नसतो. झोप पुरत नसेल, थायरॉइड बिघडलं असेल, बी-१२ कमी असेल, मन खचलेलं असेल, तरी माणूस विसरतो. माझ्या डॉक्टरांनी आधी हे सगळं तपासलं. एडीएचडी रक्तात सापडत नाही, त्यासाठी माणसाचा सगळा इतिहास विचारतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निकषांच्या पुस्तकाप्रमाणे लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत, आणि ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. चाळिशीत अचानक सुरू झालं असेल तर कारण दुसरीकडे शोधावं. माझ्या आईने ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं काढून दिली. तिसरीपासून दरवर्षी एकच शेरा, अक्षर तेवढं वेगळं: हुशार आहे, लक्ष नसते. मी दंगा करणारी नव्हते, खिडकीबाहेर बघत बसणारी होते. अशा मुलींकडे कुणाचं लक्ष जात नाही.

औषधाने मला बसून काम करता येतं, हे खरं. पण गोळीचा असर काही तासांचा, आणि उत्तर द्यायचं कुणाला हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागली. मेसेज वाचला आणि आत्ता उत्तर देता येत नसेल, तर मी त्या चॅटवर बोट दाबून धरते आणि मेन्यूतून Mark as unread करते. यादीत हिरवा ठिपका परत येतो. समोरच्याची निळी टिक जात नाही, तेव्हा यात लपवाछपवी नाही, ती फक्त माझ्यासाठी खूण. चॅट पुन्हा उघडला की ठिपका जातो, मग पुन्हा लावायचा. आणि ठिपके बघायची वेळ मी घड्याळावर ठेवलेली नाही, दिवेलागणीला बांधली आहे. देवापुढे दिवा लावला की सरळ ओटीच्या पायरीवर, रेंजमध्ये. "अमुक झालं की तमुक करायचं" अशी गाठ मारली की ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात मांडलंय. आमच्या आजीला ते न वाचता माहीत होतं, ती पदराला गाठ मारायची. तरी आठवड्यातून दोन-तीन ठिपके राहतातच. पाहुणे आले, दिवा सासूबाईंनी लावला, की माझी गाठ सुटली.

बहिणीला मी शेवटी जे लिहून पाठवलं ते असं: "तुझा मेसेज वाचून मला आनंदच झाला होता. हातात काम होतं, मग विसरले, मग लाज वाटून टाळलं. तुम्ही यायला नको होतात असं एक क्षणही मनात नव्हतं. मामीचं इथे येणं हुकलं, ते नुकसान माझ्यामुळे झालं. पुढच्या वेळी दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर नुसतं प्रश्नचिन्ह टाक, आणि तारखेचं काही असेल तर सरळ फोन कर." आजाराचं नाव मुद्दाम घातलं नाही. ते तिने नंतर विचारलं तेव्हा सांगितलं. आधी नाव घेतलं की ते सुटकेच्या चिठ्ठीसारखं वाटतं, आणि तिचं हुकलेलं बाजूला राहतं.

तिचं उत्तर दुसऱ्या मिनिटाला आलं: "आणि माझ्या बाटल्या?"

त्या ठेवल्या होत्या. सांगायच्या राहिल्या होत्या.

तेव्हा ज्यांचा मेसेज माझ्याकडे पडून असेल, त्यांनी इथे खाली किंवा त्या चॅटवर एक प्रश्नचिन्ह टाका. पुन्हा सगळं लिहू नका, मला ते बहुतेक पाठ असेल. आज दिव्यानंतर पायरीवर बसणार आहे. सात ठिपके आहेत, त्यातला एक मामीचा आहे आणि तिने गणपतीचं विचारलंय.