नणंदेच्या आवाजावरून नवऱ्याच्या मनापर्यंत

सध्या फिरत असलेला मजकूर असा: "जोडीदार तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल काय बोलतो हे त्याला विचारू नका. त्याची भावंडं आणि जिवलग मित्र तुमच्याशी कसे वागतात ते बघा. ते जे ऐकतात तेच त्यांच्या वागण्यात उतरतं. ते तुटक वागत असतील तर तुमची निंदा होते आहे, प्रेमाने वागत असतील तर कौतुक होतं आहे. वागणं खोटं बोलत नाही."

"जे ऐकतात तेच वागण्यात उतरतं"

यात तथ्य आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं. हॅरल्ड केली या मानसशास्त्रज्ञाने 1950 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच मुद्द्यावरचा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वर्गांत एक पाहुणा शिकवायला येणार होता. तो येण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्याची थोडक्यात ओळख करून देणारी चिठ्ठी वाटली गेली. चिठ्ठ्या दोन प्रकारच्या होत्या आणि त्यांत फरक एवढाच होता, की एकीत माणूस 'मनमिळाऊ' होता आणि दुसरीत 'थंड'. मग त्याच खोलीत, त्याच माणसाबरोबर सगळ्यांची वीस मिनिटं चर्चा झाली. 'मनमिळाऊ' वाचलेल्यांपैकी 56 टक्के विद्यार्थी चर्चेत बोलले, तर 'थंड' वाचलेल्यांपैकी 32 टक्केच. म्हणजे आधी कानावर पडलेल्या एका शब्दानेही वागणं बदलतं.

पण दाव्याची दिशा उलटी आहे. तो वागण्यावरून ऐकलेल्या शब्दाकडे जातो. तेच आकडे उलट्या बाजूने वाचून बघा. प्रत्येक प्रकारची चिठ्ठी मिळालेले शंभर-शंभर विद्यार्थी धरले, तर गप्प बसणारे पहिल्या गटात 44 आणि दुसऱ्या गटात 68, मिळून 112. त्यातला एखादा गप्प विद्यार्थी दाखवून कोणी म्हणालं, "याने नक्की 'थंड' वाचलं असणार," तर ते शंभरात साधारण 61 वेळा खरं निघेल. नाणं उडवूनही पन्नास वेळा खरं निघतंच. आणि ही परिस्थिती निवाड्याला सगळ्यात सोयीची होती: पाहुणा पूर्ण अनोळखी, चिठ्ठी नुकतीच वाचलेली, दुसरी कोणतीही माहिती नाही, जुनं देणंघेणं नाही. तुमची नणंद किंवा नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र यांच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. त्यांचा स्वतःचा स्वभाव आहे, तुमच्याशी थेट आलेला अनुभव आहे, भाऊ किंवा मित्र आता पूर्वीइतका वाट्याला येत नाही याची रुखरुखही असू शकते. या गर्दीत ऐकलेल्या शब्दाचा वाटा वेगळा काढणं प्रयोगातल्यापेक्षा अवघडच असणार.

"तुटक वागतात म्हणजे निंदा होते"

खरी गंमत मला इथे वाटते, कारण निंदा न करताही जोडीदार तुमची प्रतिमा पार बिघडवू शकतो. एक उदाहरण नीट उलगडून बघू. ते कल्पित आहे, पण अनेकांना ओळखीचं वाटेल.

एका जोडप्यातल्या बायकोच्या लक्षात आलं, की नणंद फोनवर हल्ली 'हो', 'नाही', 'बघू' यापलीकडे बोलत नाही. पूर्वी तसं नव्हतं. नवऱ्याचा एक मित्र मात्र तिला पाहिलं, की दर वेळी नवऱ्याकडे वळून म्हणतो, "आज परवानगी मिळाली वाटतं!" सगळे हसतात, नवराही हसतो. तिने घरी विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगतोस रे यांना?" तो दुखावला. म्हणाला, "तुझ्याविषयी एक वाईट शब्द काढला असेन तर सांग." आणि तो खरं बोलत होता.

त्याने केलं होतं ते असं. मित्रांनी अचानक भेटायला बोलावलं आणि त्याला कंटाळा असला, तर तो कळवायचा, "घरी विचारून सांगतो," आणि मग, "नाही जमणार रे, ती नको म्हणते." तिला त्यातलं काही ठाऊकही नसायचं. बहिणीने घर बदललं तेव्हा सामान हलवायला त्याला जायचं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं, "त्या दिवशी हिचं काहीतरी ठरलंय." नकार त्याचा, नाव तिचं. अशी दहा-बारा निमित्तं जमली की मित्रांच्या मनात एक धाक दाखवणारी बाई तयार होते, आणि बहिणीच्या मनात भावाला अडवून ठेवणारी वहिनी. नवऱ्याच्या लेखी मात्र त्याने फक्त वेळ मारून नेलेली असते.

दाव्याप्रमाणे चाललं तर ती बायको ठरवेल, की नवऱ्याला ती डाचते आहे आणि तो पाठीमागे कुरकुर करतो. भांडण त्या मुद्द्यावर होईल, तो प्रामाणिकपणे नाकारेल, ती त्याला खोटारडा म्हणेल. मुळात चूक होती ती नकार स्वतःच्या नावावर न घेण्याची, आणि तिचा उल्लेखही होणार नाही.

दुसरी वाट तक्रारीची. समजा जोडीदाराने खरंच बहिणीपाशी मन मोकळं केलं आहे. पण माणूस मन मोकळं करायला जातो कधी? भांडण झाल्यावर. मिटल्यावर "आता सगळं छान आहे" सांगायला सहसा कोणी फोन करत नाही. त्यामुळे बहिणीकडे भांडणांची सुरुवात साठत जाते आणि शेवट तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय तुम्ही दोघं रात्री बोलून मोकळे होता, तुमचा राग संपतो. बहिणीचा राग संपवायला मात्र कोणी गेलेलं नसतं. तो तुमच्यापेक्षा जास्त दिवस टिकतो आणि पुढच्या भेटीत तिच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणजे इथे तुमच्याबद्दल काहीतरी बोललं गेलं हे खरं, पण जोडीदाराचं तुमच्याबद्दलचं मत त्यातून कळत नाही. कळतं ते एका संध्याकाळचं.

"प्रेमाने वागतात म्हणजे कौतुक होतं"

यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. काही घरांत आल्यागेल्याशी गोड बोलणं अंगवळणी पडलेलं असतं. तिथे गोडवा सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यामुळे तुमच्याविषयी त्यातून काहीच निघत नाही. आणि एक जरा टोचणारी शक्यताही आहे. जोडीदार तुमच्याशी बरा वागत नाही हे ज्याला माहीत आहे, तो मित्र किंवा दीर तुमच्याशी नेहमीपेक्षा जास्त हळुवार वागू शकतो. ती माया नसून ओशाळलेपण असतं.

"वागणं खोटं बोलत नाही"

नसेल बोलत, पण ते वाचणारे आपण असतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 साली दाखवून दिलं, की पहिल्यांदाच गप्पा मारलेल्या दोन माणसांना विचारलं, तर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोक सरासरीने कमीच करतात. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही गत. जिथे पसंत पडण्याची धास्ती असते, त्या जोडीदाराच्या माणसांसमोर आपलं वाचन अधिक निर्मळ असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण अशी, की दावा स्वतःच स्वतःला खरा करतो. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि एलेन बर्शीड यांचा 1977 चा प्रयोग घ्या. त्यात पुरुषांना फोनवर एका अनोळखी स्त्रीशी बोलायचं होतं. काहींना सुंदर स्त्रीचा फोटो दाखवला, काहींना तशा नसलेल्या स्त्रीचा. फोटोचा फोनवरच्या स्त्रीशी काहीही संबंध नव्हता आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. पुढे फक्त त्या स्त्रियांचं बोलणं त्रयस्थांना ऐकवलं, तेव्हा ज्यांना 'सुंदर' समजून बोललं गेलं होतं त्या अधिक मोकळ्या आणि मनमिळाऊ वाटल्या. समोरच्याच्या समजुतीने त्यांचं बोलणं घडवलं होतं. आता हा मजकूर वाचून तुम्ही नणंदेकडे गेलात, मनात 'हिचे कान भरलेत' हे धरून. तुम्ही बेताचं बोलाल, नजर टाळाल, लवकर उठाल. तीही आखडेल. घरी येताना तुमच्या हातात पुरावा असेल, तुम्हीच तयार केलेला.

मग पुरावा धरायचा कशाला?

चेहऱ्यावरच्या आठीपेक्षा मजकुराला किंमत जास्त. जोडीदाराशिवाय कोणाकडूनच कळू शकली नसती अशी गोष्ट समोरच्याच्या तोंडी आली, तर ती तिथूनच आली. उदाहरणातला 'परवानगी'वाला विनोद या जातीचा आहे. मित्राने तो शून्यातून काढलेला नाही, त्याला घरी काहीतरी विचारलं जातं हे सांगितलं गेलं आहे. तोच विनोद एकमेकांना फारसं न भेटणाऱ्या दोघांकडून ऐकू आला तर वजन आणखी वाढतं. मित्र एकाच घोळक्यातले असतील तर नाही, कारण तिथे एकाचा विनोद सगळ्यांचा होतो.

दुसरं, बदल. नणंद सगळ्यांशीच तुटक असेल तर काही सिद्ध होत नाही. पण ती इतरांशी मोकळी आहे, तुमच्याशीही होती आणि एका ठरावीक घटनेनंतर आखडली, तर त्या घटनेच्या आसपास काय सांगितलं गेलं हे विचारण्याजोगं आहे. उदाहरणातल्या बायकोने तारखा जुळवल्या असत्या तर ती घर बदलण्याच्या दिवसापाशी पोचली असती.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं. "माझ्याबद्दल काय सांगतोस" याचं उत्तर "काहीच नाही" असंच येतं. "त्या दिवशी तू ताईंकडे गेला नाहीस, तेव्हा त्यांना कारण काय सांगितलंस?" याचं उत्तर एका वाक्याचं आणि तपासता येण्याजोगं असतं. मग "हिचं काहीतरी ठरलंय" हे वाक्य टेबलावर येतं, आणि ते दुरुस्तही करता येतं: बहिणीला फोन करून त्यानेच सांगायचं, की त्या दिवशी यायचं मलाच जिवावर आलं होतं, हिला तर माहीतही नव्हतं. बायकोने स्वतः खुलासा करू नये, तो सारवासारव वाटतो.

आणि तुमच्यादेखत 'परवानगी'चा विनोद झाला तेव्हा नवरा हसला, हे विसरू नका. पाठीमागे काय होतं त्याचा अंदाज बांधावा लागतो, हे मात्र डोळ्यांसमोर घडलं. "परवानगी कसली, मलाच यायचं नव्हतं," एवढं त्याला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं. पुढच्या भेटीत तो ते म्हणतो का, हे बघावं. तसं म्हणूनही आणि बहिणीला फोन करूनही नणंदेचा आवाज तसाच राहिला, तर तिच्या तुटकपणाचं कारण भावाच्या बोलण्यात नाही. ते तिलाच विचारावं लागेल, किंवा तसंच राहू द्यावं लागेल.